टक्केवारी आली कोठून? वैद्यकीय मंडळाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र वाचताना

मुंबई उपनगर जिल्ह्याचे अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत. घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. या भागात ग्रामपंचायती नाहीत. तेथे दिव्यांगत्वाचा दाखला महापालिकेच्या विभाग कार्यालयात, शाळेत, बँकेत किंवा न्यायाधिकरणापुढे सादर होतो. ग्रामीण भागात तोच दाखला पंचायत समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर येतो. कार्यालये वेगळी असली तरी दाखला पाहण्याची रीत सर्वत्र सारखीच असते. कागद हाती घेतला की नजर प्रथम टक्क्यांच्या आकड्यावर जाते. आकडा ४० किंवा त्याहून अधिक असेल तर अर्ज पुढे सरकतो, ३९ असेल तर परत जातो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यातील अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची मर्यादा ठेवण्यात आली आहे. शासकीय नोकरीतील आणि उच्च शिक्षणातील राखीव जागा याच मर्यादेवर अवलंबून असतात. म्हणून ३८ आणि ४१ या दोन आकड्यांतील अंतर वैद्यकीय दृष्ट्या किरकोळ असले तरी अर्जदाराच्या आयुष्यात ते फार मोठे ठरते. असे असूनही तो आकडा कसा निघाला, हे बहुतेक वेळा ना अर्जदाराला ठाऊक असते, ना दाखला तपासणाऱ्या अधिकाऱ्याला. प्रस्तुत लेखात हातापायांच्या, म्हणजे चलनवलनविषयक दिव्यांगत्वाचे एकच उदाहरण घेऊन हा हिशेब उलगडून दाखविला आहे.

छापील नमुन्यात काय असते आणि काय नसते

केंद्र शासनाने २०१७ साली केलेल्या नियमांत प्रमाणपत्राचे निरनिराळे नमुने ठरवून दिले आहेत. अवयव तुटलेला असणे, अवयवाचा पूर्ण व कायमचा लकवा, वाढ खुंटल्याने आलेला ठेंगणेपणा आणि अंधत्व यांसाठी नमुना पाच आहे. एकाहून अधिक प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठी नमुना सहा, तर उरलेल्या बहुतेक प्रकारांसाठी नमुना सात वापरला जातो. सांधा आखडणे, स्नायू दुबळे होणे यांसारख्या गोष्टी नमुना सातमध्ये येतात. या नमुन्यात एक तक्ता असतो. त्यात दिव्यांगत्वाचा प्रकार, शरीराचा बाधित भाग, निदान आणि टक्केवारी हे रकाने असतात. तपासणी कोणत्या मार्गदर्शक सूचनांनुसार केली, त्या सूचनांचा क्रमांक व दिनांक लिहिण्यास जागा असते. स्थिती वाढत जाणारी आहे की स्थिर, सुधारणा संभवते की नाही आणि फेरतपासणी आवश्यक आहे की नाही, हेही नोंदवावयाचे असते.

एवढे सगळे असूनही मुख्य गोष्ट या नमुन्यात मावत नाही. सांधा किती अंशांत हलतो, कोणत्या स्नायूत किती बळ उरले आहे, कोणती कृती करून पाहिली आणि कोणती जमली नाही, यांसाठी त्यात रकाना नाही. हा तपशील मंडळाच्या मूल्यांकन पत्रकात भरला जातो आणि ते पत्रक रुग्णालयाच्या फाईलमध्ये राहते. अर्जदाराच्या हाती उत्तर येते, गणित येत नाही. आकड्याविषयी वाद उभा राहिला की याच पत्रकाचा शोध सुरू होतो. म्हणून प्रमाणपत्रावरच निष्कर्षांचा संक्षेप लिहिणारे किंवा पत्रकाची प्रत सोबत जोडणारे मंडळ अर्जदाराचे काम जसे सोपे करते, तसेच पुढच्या प्रत्येक कार्यालयाचेही.

सूचनांचा क्रमांक व दिनांक हा रकाना अनेकदा रिकामा सोडला जातो किंवा त्यात नुसते ‘शासन नियमानुसार’ असे लिहिले जाते. हे योग्य नव्हे. दिव्यांगत्व मोजण्याच्या सूचना वेळोवेळी बदलत आल्या आहेत. ऑगस्ट १९८६ मध्ये केंद्राने समान व्याख्या ठरविल्या. १ जून २००१ रोजी सविस्तर मार्गदर्शक सूचना निघाल्या. नव्या कायद्यानंतर ४ जानेवारी २०१८ रोजी त्या नव्याने अधिसूचित झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुधारित सूचना प्रसिद्ध करण्यात आल्या. एकाच व्यक्तीच्या जुन्या व नव्या दाखल्यांत फरक दिसला, तर प्रकृती बदलली की मोजपट्टी बदलली, हे या एका नोंदीवरूनच कळू शकते.

हाताचे मोजमाप

हाताचे मूल्यमापन करताना त्याचे दोन भाग पाडतात. खांदा, कोपर आणि मनगट मिळून बाहूचा भाग, आणि पकड, स्पर्शज्ञान व पंजाचे बळ मिळून पंजाचा भाग. येथे पंजा निर्दोष असल्याचे धरून केवळ बाहूचा विचार केला आहे. २००१ च्या सूचनांत बाहूच्या मोजमापाची पद्धत तीन अंगांनी मांडलेली आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेतही मूळ आराखडा तोच ठेवण्यात आला.

पहिले अंग सांध्यांच्या हालचालीचे. हालचाल गोनिओमीटर या कोनमापकाने अंशांत मोजतात. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मोजावयाची असते ती रुग्णाने स्वतः केलेली हालचाल. डॉक्टरांनी हात धरून उचलला तर तो अधिक वर जाऊ शकतो, परंतु घरी फळीवरचा डबा काढताना डॉक्टर सोबत नसतात. प्रत्येक दिशेची निरोगी हालचाल किती, हे तक्त्यात दिलेले असते. खांदा पुढे-मागे २२० अंश, बाजूला उचलून परत जवळ आणताना १८० अंश आणि स्वतःभोवती फिरताना १८० अंश हलतो, असे धरतात. प्रत्येक दिशेत किती टक्के हालचाल गेली ते काढून त्यांची सरासरी घेतात. बाहूच्या तीन सांध्यांना समान वजन असल्याने या सरासरीला ०.३० ने गुणतात. तिन्ही सांधे पूर्ण निकामी झाले तर बेरीज ९० होते.

दुसरे अंग स्नायूंच्या बळाचे. हे बळ हाताने विरोध करून शून्य ते पाच अशा श्रेणीत ठरवितात. पाच म्हणजे निरोगी बळ, शून्य म्हणजे स्नायू मुळीच न हलणे. श्रेणी चार असेल तर २० टक्के हानी, तीन असेल तर ४०, दोन असेल तर ६०, याप्रमाणे शून्याला १०० टक्के हानी धरतात. सांध्याभोवतीच्या स्नायूंची सरासरी हानी काढून तिलाही ०.३० ने गुणतात.

तिसरे अंग एकत्रित कृतींचे. यात दहा कृती प्रत्यक्ष करावयास लावतात आणि प्रत्येकीला ९ गुण असतात. ही यादी आपल्याकडील नित्याच्या व्यवहारातून तयार केलेली आहे. डोक्यावरच्या उंचीवरील वस्तू काढून परत त्याच जागी ठेवणे, नाकाला बोटाचे टोक लावणे, हाताने जेवणे, केस विंचरून वेणी घालणे, सदरा अंगात घालणे, प्रातर्विधीनंतर पाणी घेणे, पेल्याने पाणी पिणे, गुंडी लावणे, नाडी किंवा धोतराची गाठ बांधणे आणि लिहिणे अशा त्या दहा कृती होत. परदेशी पुस्तकांतील सुरी-काट्याच्या चाचण्यांपेक्षा ही यादी उपयुक्त आहे, यात शंका नाही.

या तीन अंगांची साधी बेरीज करावयाची नसते. त्यासाठी ठरविलेले सूत्र असे :

अ + ब × (९० − अ) ÷ ९०

येथे ‘अ’ हा मोठा आकडा व ‘ब’ हा लहान. सूत्रामागील विचार सरळ आहे. हाताची ९० पैकी काही शक्ती पहिल्या दोषाने गेली, तर दुसरा दोष उरलेल्या शक्तीवरच आघात करतो, आधीच गेलेल्या शक्तीवर नव्हे. साधी बेरीज केली तर एकच हानी दोनदा मोजली जाते.

एक नमुना प्रकरण

समजा, घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरउतारावरील वस्तीत राहणारी ३८ वर्षांची महिला साकीनाक्याच्या एका कारखान्यात माल बांधणीचे काम करते. जिन्यावरून पडून तिच्या डाव्या दंडाचे हाड खांद्याजवळ आणि कोपराजवळ मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, कित्येक महिने व्यायाम झाला. १४ महिन्यांनंतर आणखी सुधारणा होत नाही, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिले. तिचा उजवा हात निरोगी असून नित्याच्या वापराचा हात तोच आहे. हे प्रकरण कल्पित आहे, मात्र त्यातील गणित नेहमीच्या पद्धतीचे आहे.

तिने दाखल्यासाठी अर्ज केला. पहिला दाखला आला त्यात एवढेच होते : ‘डाव्या हाताच्या जुन्या अस्थिभंगानंतरचा ताठरपणा, ३२ टक्के, कायमस्वरूपी.’ सूचनांच्या क्रमांकाचा रकाना कोरा होता. ३२ टक्के म्हणजे मर्यादेखाली, म्हणून तिचा लाभाचा अर्ज परत आला. तिच्या वस्तीतील एका शिक्षकाने मूल्यांकन पत्रकाची प्रत मागण्याचा सल्ला दिला. प्रत मिळाली, त्यात पुढील नोंदी होत्या.

खांदा पुढे-मागे २२० ऐवजी १६५ अंश हलत होता, म्हणजे हानी २५ टक्के. स्वतःभोवती फिरण्याची हालचाल १८० ऐवजी १२६ अंश, हानी ३० टक्के. बाजूला उचलण्याची हालचाल १८० ऐवजी ११७ अंश, हानी ३५ टक्के. तिन्हींची सरासरी ३० टक्के, तिला ०.३० ने गुणून ९ गुण. कोपर १५० ऐवजी केवळ ६० अंश वाकत-सरळ होत होते, म्हणजे हानी ६० टक्के. तळहात उपडा-उताणा करण्याची हालचाल १८० ऐवजी १०८ अंश, हानी ४० टक्के. सरासरी ५० टक्के, ०.३० ने गुणून १५ गुण. मनगट पूर्ण हलत होते. एकूण हालचालीची हानी ९ व १५ मिळून २४.

स्नायूंच्या नोंदीत खांद्याच्या सहा गटांपैकी तीन गट श्रेणी चारचे व तीन गट श्रेणी पाचचे होते. सरासरी हानी १० टक्के, म्हणजे ३ गुण. कोपराभोवतीच्या चार गटांत कोपर सरळ करणारा स्नायुगट श्रेणी तीनचा, उरलेले तीन श्रेणी चारचे. सरासरी हानी २५ टक्के, म्हणजे ७.५ गुण. बळाची एकूण हानी १०.५.

एकत्रित कृतींचा रकाना मात्र कोराच होता. २४ आणि १०.५ हे दोन आकडे सूत्रात घातले की ३१.७ येतात, पूर्णांकात ३२. पहिल्या दाखल्यातील आकडा येथून निघाला, हे आता उघड झाले. मंडळाने सांधे नीट मोजले होते, बळही नीट पाहिले होते, पण दहा कृती करवूनच घेतल्या नव्हत्या. कोऱ्या रकान्याचा अर्थ आपोआप ‘शून्य हानी’ असा लावला गेला.

फेरतपासणीत या कृती करून पाहण्यात आल्या. आठ कृती तिला जमल्या. डोक्यावरच्या फळीवरील डबा डाव्या हाताने काढून परत ठेवणे तिला जमले नाही, कारण खांदा उचलला गेला तरी आखडलेले कोपर सरळ होत नव्हते. वेणी घालणेही जमले नाही, कारण त्याला दोन्ही हात मानेमागे न्यावे लागतात. दोन कृतींचे १८ गुण झाले. आता तीन आकडे हाती आले : २४, १८ आणि १०.५. प्रथम २४ व १८ एकत्र केले : २४ + १८ × ६६ ÷ ९० = ३७.२. त्यात १०.५ मिळविले : ३७.२ + १०.५ × ५२.८ ÷ ९० = ४३.४. पूर्णांकात ४३ टक्के. दुसरा दाखला तेवढ्याचा निघाला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. तिन्ही आकड्यांची साधी बेरीज केली असती तर ५२.५ आले असते. तेही चुकीचेच ठरले असते, मात्र ते अर्जदाराच्या बाजूने झाल्याने कोणी तक्रार केली नसती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समजा वेणीची कृती ‘जमते’ अशी नोंदली गेली असती, तर कृतींचे गुण १८ ऐवजी ९ झाले असते आणि अंतिम आकडा ३७.५ आला असता. म्हणजे या महिलेच्या बाबतीत मर्यादेच्या अलीकडे की पलीकडे, हा निर्णय एका वेणीवर येऊन ठेपला होता.

नित्याच्या वापराचा हात बाधित असल्यास मार्गदर्शक सूचनांत काही जादा गुण ठेवलेले आहेत. जंतुसंसर्ग, व्यंग यांसारख्या गोष्टींचाही वेगळा विचार होतो. या उदाहरणात त्यांचा समावेश केलेला नाही. परंतु बाधित हात उजवा की डावा आणि अर्जदार उजवा की डावखुरा, या दोन नोंदी दाखल्यात असल्याच पाहिजेत.

चूक कोठे होते

कोनमापकाने मोजताना चार-पाच अंशांचा फरक दोन तपासनिसांत पडतोच. कोपराच्या १५० अंशांत ५ अंशांचा फरक म्हणजे सुमारे ३.३ टक्के. कोपराच्या दोन हालचालींची सरासरी घेतली की तो निम्मा होतो आणि ०.३० ने गुणल्यावर अवघा अर्धा गुण उरतो. म्हणजे मोजण्याच्या बारीक चुकीने दाखला फारसा बिघडत नाही. कोपराच्या चारपैकी एका स्नायुगटाची श्रेणी एकने चुकली तर दीड गुण इकडे-तिकडे होतो. एक कृती गाळली तर मात्र अंतिम टक्केवारीत या प्रकरणात जवळजवळ सहा टक्क्यांचा फरक पडला. यावरून मंडळाने वेळ कोठे द्यावा हे स्पष्ट होते. गर्दीच्या दिवशी दहा कृतींची चाचणी सर्वप्रथम गाळली जाते, कारण तिला वेळ लागतो आणि साधे साहित्य, जसे फळी, पेला, सदरा, कंगवा, हाताशी ठेवावे लागते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीऐवजी डॉक्टरांनी करविलेली हालचाल नोंदणे. पत्रकात ‘सक्रिय’ की ‘करविलेली’ हे लिहिले नसेल तर नंतर काहीच सांगता येत नाही. तिसरी, घाईने तपासणी करणे. हाड जुळून व्यायामाचा लाभ संपण्यापूर्वीच कायमचा दाखला दिला तर पुढे सुधारणा होऊन आकडा खोटा ठरतो. अशा वेळी मुदतीचा दाखला देऊन फेरतपासणीचा काळ लिहिणे हेच योग्य.

बनाव ओळखण्याचाही मार्ग नोंदींतच आहे. कोणी दुखण्याचा बहाणा करून सांधा कमी हलवीत असेल, तर तीच हालचाल दुसऱ्यांदा मोजल्यावर अंश फार वेगळे येतात किंवा कोपर ६० अंशांच्या पलीकडे जात नाही असे सांगणारा माणूस सदरा घालताना ते सहज वाकवितो. अंश, बळ आणि कृती या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. नुसता आकडा लिहिणाऱ्या दाखल्यात हा मेळ तपासण्यासारखे काहीच नसते. लबाडीने लाभ घेणे किंवा तसा प्रयत्न करणे यासाठी अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण ते सिद्ध करतानाही मूल्यांकन पत्रकच पुरावा ठरते.

हाताचे टक्के आणि माणसाचे टक्के

प्रमाणपत्रात ‘शरीराचा बाधित भाग’ हा रकाना का आहे, हे समजण्यास सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय उपयोगी पडतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या दाव्यात १८ ऑक्टोबर २०१० रोजी न्यायालयाने असे स्पष्ट केले की, एका पायाचे ४५ टक्के दिव्यांगत्व म्हणजे संपूर्ण शरीराचे ४५ टक्के दिव्यांगत्व नव्हे. तसेच शारीरिक दिव्यांगत्वाचे टक्के आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाने उदाहरण दिले ते डावा हात गमावलेल्या माणसाचे. तो वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते. सरकारी कचेरीतील कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. ज्याने उपचार केले नाहीत अशा डॉक्टरांच्या तयार दाखल्यांकडे न्यायाधिकरणांनी सावधपणे पाहावे, असेही त्या निर्णयात सांगितले आहे.

वरील महिलेच्या ४३ टक्क्यांचा अर्थ यावरून लक्षात येतो. ते तिच्या डाव्या हाताचे मोजमाप आहे. माल बांधणीच्या कामासाठी तिची किती क्षमता गेली, याचे उत्तर या आकड्यात नाही. ते ठरविताना निष्कर्ष पाहावे लागतात : डोक्यावरच्या फळीपर्यंत हात पोहोचत नाही, कोपर सरळ होत नाही, पंजाची पकड मात्र निरोगी आहे. उंचावरची खोकी उतरविणे तिला शक्य नाही, टेबलावर बसून चिकटपट्टी लावणे शक्य आहे. निष्कर्ष लिहिलेला दाखला मालकाला तिच्यासाठी योग्य काम ठरविण्यास मदत करतो, नुसता आकडा ती करू शकत नाही.

महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेश मागणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने मांडला. वाणी व भाषाविषयक दिव्यांगत्वाची टक्केवारी अधिक भरल्यामुळे त्याला अपात्र ठरविण्यात आले होते. न्यायालयाने असे म्हटले की, केवळ आकड्यावरून अपात्र ठरविता येणार नाही. संबंधित अभ्यासक्रम पूर्ण करण्यास ते दिव्यांगत्व आड येते की नाही, हे मंडळाने स्पष्ट नोंदवावे आणि येते असे मत झाल्यास त्याची कारणे द्यावीत. एका दाखल्यात आकडा कमी पडल्याने दार बंद होते, दुसऱ्यात तो जास्त भरल्याने. दोन्ही वेळा आकड्यामागील कारणेच कामी येतात.

उपनगरातील वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगावयास हवी. रेल्वे भाड्यातील सवलतीसाठी ४० टक्क्यांचा दाखला आपोआप पुरेसा होतो, असा समज लोकल गाड्यांच्या प्रवाशांत आढळतो. अस्थिव्यंग प्रवाशांसाठी रेल्वेची अट सोबत्याच्या मदतीवाचून प्रवास करता न येण्याची आहे. तिचा दाखलाही वेगळ्या नमुन्यात असतो. वरील उदाहरणातील महिला ४३ टक्के असूनही त्या सवलतीत बसणे कठीण आहे.

दाखला हाती आल्यावर

अर्ज आता केंद्र शासनाच्या swavlambancard.gov.in या संकेतस्थळावरून करावयाचा असतो. दाखल्यासोबत ओळखपत्रही तेथूनच मिळते. अर्जदाराने तपासणीस जाताना शस्त्रक्रियेचा तपशील असलेला घरी सोडतानाचा कागद, क्ष-किरण चित्रे आणि शेवटच्या उपचारांचे टिपण सोबत न्यावे. राजावाडी, कूपर यांसारख्या महापालिका रुग्णालयांत उपचार झाले असतील तर ही कागदपत्रे तेथून मागून घ्यावीत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या नोंदी ७२ तासांत द्यावयाच्या असतात.

दाखला तपासणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा शिक्षकाने स्वतः टक्केवारी काढू नये, ते काम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे आहे. परंतु बाधित भाग लिहिला आहे का, तो उजवा की डावा हे स्पष्ट आहे का, अंकातील व अक्षरातील टक्के जुळतात का, सूचनांचा दिनांक आहे का, दाखला कायमचा की मुदतीचा आणि मुदतीचा असल्यास ती संपली आहे का, एवढे पाहणे त्याच्या अधिकारातील आहे. शंका आली तर अर्ज फेटाळण्यापेक्षा दाखला देणाऱ्या रुग्णालयाकडे पडताळणीस पाठविणे योग्य. ३५ ते ४५ या पट्ट्यातील आकड्यांच्या बाबतीत अर्जदाराला मूल्यांकन पत्रकाची प्रत मागण्याची सूचना जरूर द्यावी, कारण एक कृती, एक सांधा किंवा एक कोरा रकाना याने निकाल बदलतो तो याच पट्ट्यात.

दाखला नाकारल्यास त्याची कारणे अर्जदाराला लेखी कळविली पाहिजेत. त्यासाठी २०१७ च्या नियमांत नमुना आठ दिलेला आहे. निर्णय मान्य नसल्यास अधिनियमाच्या कलम ५९ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अपिलात ‘टक्के कमी दिले’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘एकत्रित कृतींची तपासणी झालेली नाही, पत्रकातील रकाना कोरा आहे, ती करून फेरगणना करावी’ असे नेमके लिहावे. घाटकोपरच्या त्या महिलेच्या अपिलात याच अर्थाची दोन वाक्ये होती आणि सोबत पत्रकाची एक प्रत.